मुलाखतीनंतरचे पत्र
(नाशिक येथील बैठकीत केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आपल्यातली एक मुलगी अंबडच्या एका कारखान्यात हिशेबनीसाच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. वेळ अकराची, आत बोलावले पाऊण वाजता. तिघांपैकी एकाने अर्ज वाचलाच नव्हता, दुसरा सारखा फोनवर. कामाविषयी दोन प्रश्न झाले आणि मग, "लग्न कधी? लगेच मूल झालं तर आमचं काय?" संध्याकाळी ती रडवेली होऊन आली. नोकरीची गरज होती, पण हा अपमान गिळवत नव्हता.

आम्ही तिला सांगितले, आज काही लिहू नकोस. फक्त वेळ, माणसांची पदे आणि विचारलेले शब्द जसेच्या तसे टिपून ठेव. दुसऱ्या दिवशी तिने भरती पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना लिहिले:

"काल मुलाखतीस बोलावल्याबद्दल आभार. मुलाखत पावणेदोन तास उशिरा सुरू झाली व कामाविषयी फार थोडे बोलणे झाले. लग्न व मूल याविषयीचे प्रश्न मला कामाशी संबंधित वाटले नाहीत. पुढील फेरीस यायचे की नाही, हे ठरवण्यापूर्वी कामाचे स्वरूप, वेळ व पगार लेखी कळावा, तसेच असे प्रश्न पुन्हा विचारले जाणार नाहीत, हेही कळावे. शुक्रवारपर्यंत उत्तर मिळाल्यास मी माझा निर्णय कळवीन."

यात आरोप नाही, विनवणीही नाही. घडले तेवढेच आहे, आणि निर्णय तिने स्वतःच्या हाती ठेवला आहे. "तुम्ही बायकांचा अपमान करता" असे लिहिले असते तर वाद त्या वाक्यावरच झाला असता. पत्राची प्रत आणि पाठवल्याचा पुरावा मात्र जपून ठेवायचा.

हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. नीरा माथुर यांना आयुर्विमा महामंडळाने नोकरीतून काढले, कारण भरतीच्या वेळी भरून घेतलेल्या फॉर्मात पाळीविषयी खोटी माहिती दिली, असे महामंडळाचे म्हणणे होते. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामावर परत घ्यायला लावले आणि फॉर्ममधले असले रकाने काढून टाकायला सांगितले.

मात्र मुलाखतीत कोणी अंगलट आले, लैंगिक शेरा मारला, तर असे सौम्य पत्र पुरत नाही. 2013 च्या कायद्यानुसार तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असण्याची अट नाही. तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करता येते.

आपल्या मुलीला गुरुवारी उत्तर आले. पगार व वेळ लेखी मिळाली, दिलगिरी होती, दुसरी भेट हिशेब विभागाच्या प्रमुखांशी ठरली. उत्तर आले नसते, किंवा "आमच्याकडे असंच विचारतात" असे आले असते, तर तोही निर्णयाला पुरेसा आधार होता. ती भेटीला गेली. रुजू व्हायचे की नाही, हे नेमणुकीचे पत्र वाचून ती ठरवणार आहे.