बदामाच्या दुधाचं एसएनएफ

सातारा-सांगलीकडच्या माणसाला दूध कसं तपासायचं हे शिकवायला जाणं म्हणजे धाडसच. इथं पहाटे किटली घेऊन डेअरीच्या दारात उभं राहिलेलं शाळकरी पोरसुद्धा आज फॅट किती लागलं आणि एसएनएफ किती लागलं, ते पावती न बघता सांगतं. भिलवडीला चितळ्यांनी १९३९ साली दुधाचा धंदा सुरू केला, त्याला आता ऐंशीहून जास्त वर्षं झाली. पॉइंटभर फॅट कमी लागलं तर संकलन केंद्रावर आवाज चढतो, आणि दहा दिवसांच्या बिलात त्याचा हिशोब घरातली बाई बरोबर काढते.

पण याच घरातली सून शहरात राहायला गेली, की दुकानातून बदामाच्या दुधाचं महागडं पाकीट आणते, पोराच्या कपात ओतते आणि निर्धास्त होते. त्या पाकिटाचं एसएनएफ काय, हे मात्र कुणी विचारत नाही. आज बोलायचं आहे ते एवढ्याचसाठी.

आधी कपाचं ठरवू. चहाचा कप धरू नका; तो कुठं शंभर मिलीचा, कुठं दीडशेचा. आहाराच्या हिशोबातला कप २४० मिलीचा, म्हणजे पाव लिटरला थोडा कमी. आणि आपल्याकडच्या पाकिटांवर आकडे बहुधा १०० मिलीचे छापलेले असतात. तेव्हा पाकिटावरचा आकडा घ्यायचा आणि अडीचपटीला किंचित कमी करायचा.

गाईच्या दुधाचा हिशोब डेअरीच्या पावतीवरूनच निघतो. समजा साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ लागलं. गाईच्या दुधाचा दर ज्यावर काढतात तोच हा आकडा. असं दूध एक कप घेतलं, तर त्यात साडेआठ ग्रॅम फॅट आणि २१ ग्रॅम एसएनएफ आलं. या एकवीस ग्रॅमांत ८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, अकरा-बारा ग्रॅम दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, आणि उरलेले क्षार. फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, प्रथिनांच्या आणि साखरेच्या ग्रॅमला ४. बेरीज केली की दीडशेच्या थोडं वर जातं. झाला कपाचा जमाखर्च. ज्या पावतीवर पैसे मिळतात तीच पावती पोषणाचीही पावती आहे, फक्त तसं तिच्याकडे कुणी बघत नाही.

इथं एक आठवण करून द्यायला हवी. आपल्या अनेक घरांत दूध म्हणजे म्हशीचं. सात फॅट लागलेल्या म्हशीच्या दुधाचा एक कप सव्वादोनशे कॅलरीच्या पुढे जातो; प्रथिनं मात्र ग्रॅमभरच जास्त. तेव्हा ‘दुधानं वजन वाढलं’ म्हणणाऱ्यानं आधी दूध कोणत्या गोठ्यातलं ते बघावं आणि मगच सोया-बदामाकडे वळावं.

आता बदाम. बिनसाखरेच्या बदाम दुधाच्या एका कपात कॅलरी तीस ते चाळीस, प्रथिनं एक ग्रॅम, कर्बोदकं एक-दोन ग्रॅम. प्रथिनं एक ग्रॅम, श्रोतेहो. गाईच्या कपात आठ, इथं एक.

ऐकणाऱ्याला वाटेल, बदाम तर पौष्टिक, मग प्रथिनं गेली कुठं? कुठंही गेली नाहीत, ती मुळात आलीच नाहीत. बाजारच्या बदाम दुधात बदाम साधारण दोन-तीन टक्के असतात. पाकिटाच्या मागं घटकांच्या यादीत हा आकडा बऱ्याचदा छापलेला असतो. दोन टक्के धरले तर २४० मिलीत पाच ग्रॅम बदाम आले. एक बदाम सव्वा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कपात चार बदाम! चार बदामांत प्रथिनं किती, तर एक ग्रॅम. हिशोब बरोबर जुळतो. चार बदाम रात्री भिजवून सकाळी पोराच्या हातावर ठेवले असते, तरी तेवढंच मिळालं असतं.

पुरणपोळीच्या दिवशी आपण काय करतो? डाळ शिजवतो, डाळ पुरणात जाते आणि वरचं पाणी कट म्हणून आमटीला जातं. कटाची आमटी चवीला झकास, पण ती वाटीभर प्याल्यावर ‘मी डाळ खाल्ली’ असं कुणी म्हणत नाही. बदामाचं दूध हा बदामाचा कट आहे. आणि कटसुद्धा घरच्या चार माणसांचा नव्हे, तर पंगत वाढत गेली म्हणून आचाऱ्यानं तांब्या-तांब्यानं पाणी ओतलेला. वर तर्री दिसते, वास सुटतो, रंगही बरा असतो. पळी तळापर्यंत घातली की डाळ लागत नाही.

तरीही कपातलं दूध दाट कसं दिसतं? त्यात जेलन गमसारखे दाटपणा आणणारे पदार्थ असतात. गवारीच्या बियांचा डिंकही याच कामाला वापरतात. त्यात फसवाफसवी नाही, यादीत नाव छापलेलं असतं. पण दाट म्हणजे सकस, हा आपला गोठ्यातला अनुभव इथं चालत नाही. आमटीला पीठ लावून दाट केली म्हणून तिच्यात डाळ वाढत नाही, तसंच हे.

बदाम दुधाची बाजू नाही का? आहे. मधुमेह असलेल्या, वजन उतरवणाऱ्या किंवा दुधातली साखर न पचणाऱ्या माणसाला कॉफीत घालायला बिनसाखरेचं बदाम दूध सोयीचं आहे. चाळीस कॅलरीत काम होतं, साखर जवळजवळ नाही. त्यानं ते खुशाल घ्यावं. तक्रार आहे ती मुलांच्या कपाबद्दल. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला १६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. गाईच्या दुधाचा एक कप यातला अर्धा भार उचलतो. तो कप काढून तिथं बदामाचा ठेवला, तर सात ग्रॅमचा खड्डा पडतो, आणि तो रोज पडतो. मूल रडत नाही, आजारी दिसत नाही, कप तर पूर्ण प्यालेलं असतं. म्हणून तो खड्डा कुणाच्या लक्षात येत नाही.

सोयाबीनची गोष्ट वेगळी. हे पीक आपल्या कृष्णाकाठचं झालेलं आहे. मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला राहुरी कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. ‘फुले संगम’ हे वाण तिथलंच. त्याला केडीएस ७२६ म्हणतात, त्यातला ‘केडी’ म्हणजे कसबे डिग्रज. वाण आपण देतो, पीक आपण काढतो, आणि बहुतेक सगळं तेलाच्या गिरणीला आणि पेंडेला घालतो. घरात सोयाबीन आलंच तर दळणात मूठभर.

बिनसाखरेच्या सोया दुधाच्या कपात कॅलरी ८० ते १००, प्रथिनं सात ग्रॅम, कर्बोदकं चार ग्रॅमच्या आसपास. प्रथिनांत ते गाईच्या दुधाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहतं, आणि वनस्पतींच्या प्रथिनांत सोयाबीनची प्रत सगळ्यात वरच्यांत आहे. कारण साधं आहे: सोयाबीनच्या दाण्यात ३५ ते ४० टक्के प्रथिनं असतात, आणि इथं कपामागे चार बदामांएवढं नव्हे, तर ३० ग्रॅम सोयाबीन पडतं.

घरी करायचं तर तीस ग्रॅमला कपभर असं प्रमाण धरा. रात्रभर भिजवा, साल चोळून काढा, आणि वाटताना पाणी अगदी कढत घ्या. गार पाण्यात वाटलं की दाण्यातला एक एन्झाइम तेलावर काम करतो आणि तो कच्च्या शेंगेचा उग्र वास येतो, ज्यानं पोरं कप ढकलून देतात. फडक्यातून गाळा. मग उकळणं, आणि इथंच बहुतेकांचं चुकतं. सोया दूध उकळी येण्याआधीच फेसाळून वर येतं. फेस आला म्हणून गॅस बंद केला, की ते कच्चं राहतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. त्याला उष्णतेनंच मारावं लागतं. फेस खाली बसवत, ढवळत, खरी उकळी आल्यावर पुढं पंधरा मिनिटं तरी मंद आचेवर ठेवा. पातळ झालंय का, ते बघायचं असेल तर थोडं गरम दूध वाटीत घेऊन लिंबू पिळा. चांगल्या दुधाचा पनीरसारखा चोथा जमतो. नुसतं गढूळ पाणी राहिलं, तर पाणी जास्त झालं.

एक धोका सांगायचा राहतोय, साखरेचा. साखर कारखान्यांच्या मुलखात साखरेविरुद्ध बोलणं अवघडच. पण सोया दूध चव येण्यासाठी गोड करून विकतात. बिनसाखरेच्या कपात कर्बोदकं चार ग्रॅम, हे लक्षात ठेवा. समजा पाकिटावर १०० मिलीला ७ ग्रॅम छापलंय. कपाला १७ झाले. त्यातून चार वजा केले की उरले तेरा. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर अडीच चमचे साखर. गाईच्या कपातही बारा ग्रॅम असतात, पण ते दुधाचं स्वतःचं लॅक्टोज. वरून ओतलेली साखर नव्हे. बदाम दुधाला हाच नियम, फक्त तिथं चारऐवजी एक-दोन वजा करा. आणि गाईच्या दुधात तीन चमचे साखर घालून पोराला देणाऱ्यांनी सोयाच्या पाकिटाला नावं ठेवू नयेत, हेही जाता जाता.

कॅल्शियम, बी-बारा हे विषय आज हातात घेता येत नाहीत. एवढंच, की वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी या तिघांपैकी काहीही देऊ नये.

मिनिटभर उरलंय, तेव्हा मघाचंच पुन्हा. बदामाचं दूध घरात येत असेल तर येऊ द्या. पण पाकीट उलटं करून १०० मिलीमागे प्रथिनं किती ते बघा. तिथं तीनच्या आसपास आकडा असेल, तर पोराचा कप भरला असं समजा. अर्धा ग्रॅम असेल, तर तो कप दुधात मोजू नका आणि त्याच दिवशी पोराच्या ताटात उकडलेलं अंडं, दाट वरण किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे वाढवा. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सात ग्रॅम प्रथिनं असतात, आणि ते आपल्याच रानात पिकतात.