फेर धरा गं, फेर धरा



मधल्या पटांगणात पाट मांडलेला आहे. त्यावर हत्ती काढलाय, सोंडेला झेंडूची माळ आहे. हस्त नक्षत्राचा म्हणून हत्ती, हे आपल्या बाईंनीच शिकवलेलं. कुणाकडे हा भोंडला, कुणाकडे हादगा, विदर्भातल्या मैत्रिणींकडे भुलाबाई. थोड्या वेळाने आपण फेर धरणार आहोत. त्याआधी एवढंच सांगायचं आहे, की भोंडल्याचं गाणं वही न बघता तोंडात कसं राहतं.

कारल्याच्या वेलाचं गाणं आठवा. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी बी पेर. बी पेरलं, तर म्हणते कोंब येऊ दे. मग वेल, मग फूल, मग कारलं, मग भाजी, मग जेवणं, मग उष्टी-खरकटी. गावागणिक पायऱ्या कमीजास्त होतात, पण चाल तीच. सासूची अट पुढच्या कडव्यात सुनेच्या तोंडी येते, की हे झालं, आता जाऊ का? म्हणजे प्रत्येक कडव्याचा अर्धा भाग मागच्या कडव्यानेच दिलेला असतो. गाणं सांगणारीला नवा शब्द फक्त एकच आठवायचा, आणि तोही बी-कोंब-वेल या ओळीनेच येतो. चुकून फूल आधी आणि वेल नंतर आला, तर पहिलीतली मुलगीसुद्धा ओरडते. आणि परवानगी लांबतच जाते, हे सुनेचं दुःख त्याच लांबण्यात आहे. ते वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा आधार पालुपदाचा. ते सगळ्या जणी म्हणतात, तेवढ्यात सांगणारी श्वास घेते आणि पुढची ओळ जुळवते. म्हणून पालुपद बदलायचं नाही आणि त्याचा शेवट लांबवता येईल असा ठेवायचा. ‘धरा’ लांबवता येतं, ‘फेर’वर थांबलं तर आवाज तुटतो.

हे करून पाहावं म्हणून आजच्यासाठी एक गाणं जुळवलंय. खिरापतीच्या डब्यावरूनच सुचलं. ओळ एकीने म्हणायची, पालुपद सगळ्यांनी.

डबा उघडला, लाडू कुठे?
फेर धरा गं, फेर धरा
लाडू नेला मुंगीने
फेर धरा गं, फेर धरा
मुंगी गेली फटीमधे
फेर धरा गं, फेर धरा
फट ती होती बाकाला
फेर धरा गं, फेर धरा
बाक सरकला दाराशी
फेर धरा गं, फेर धरा
दार उघडले बाईंनी
फेर धरा गं, फेर धरा
बाई म्हणती, लाडू गोड!

ओळीत चार ठोके आहेत आणि दर ठोक्याला एक पाऊल. लाडू, नेला, मुंगी, ने. शेवटचा ‘ने’ पूर्ण एक पाऊल लांबवायचा. पालुपदालाही तेवढीच चार पावलं. शेवटच्या ओळीनंतर मात्र पालुपद नाही. ‘गोड’ लांबवता येत नाही, म्हणून फेर तिथेच थांबतो आणि खिरापत ओळखायला सुरुवात होते.

मुंगीच्या जागी तुम्ही उंदीर घाला, बाकाच्या जागी फळा घाला. दोनच गोष्टी सांभाळा. पुढची ओळ मागच्या ओळीतल्या वस्तूनेच सुरू व्हावी, आणि चालताना पाऊल अडखळू नये. बसून म्हणताना बरी वाटलेली ओळ फेरात अडखळली, तर तिच्यात एखादी मात्रा जास्त आहे असं समजा. मी ‘फळ्यामागे’ लिहिलं होतं, तिथे पाय अडकला, म्हणून ‘फटीमधे’ आलं.

आणखी एक सांगते. फेर मोठा झाला की समोरच्या बाजूला ओळ उशिरा पोचते आणि दोन बाजूंचं पालुपद एकमेकांवर आदळतं. तसं ऐकू आलं, की लहान मुलींचा आत वेगळा फेर करायचा आणि सांगणारीने पाटाजवळ उभं राहायचं. वेगही पहिल्या कडव्यात मुद्दाम कमी ठेवायचा, कारण तो आपोआप वाढतोच.

हल्ली बऱ्याच सोसायट्यांत ध्वनिक्षेपकावर तयार गाणी लावतात. पाय थिरकतात, पण कुणी धापा टाकत असली तर ते गाणं थांबत नाही, आणि पुढची ओळ कुणालाच आठवावी लागत नाही. चार वर्षं असं झालं, की त्या इमारतीत गाणं सांगणारी उरत नाही. म्हणून आज एक विनंती. आपल्या मुली आणि भाच्या आल्या आहेत. पहिलं गणपतीचं गाणं आपण म्हणू, आणि लाडूचं गाणं त्यांच्यातल्या कुणाला तरी सांगू द्या. ती अडली, तर ओळ पुरवायची नाही. पालुपद पुन्हा एकदा म्हणायचं. तेवढ्यात तिला सुचेल.

चला, चपला कडेला काढा.