फाटणारा आवाज आणि तुटणारा आवाज

आजचा विषय समजायला एक प्रसंग डोळ्यांसमोर धरू. शाळेच्या मैदानावर लेझमीचा सराव चालू आहे. हलगी-घुमकं वाजवणारे रोज कुठून आणायचे? म्हणून मोबाइलमधलं रेकॉर्डिंग ब्लूटूथ स्पीकरवर लावलं आहे. मैदान उघडं, मुलं पन्नास-साठ, त्यामुळे आवाज पहिल्यापासून शेवटच्या टोकाला. तासाभरात हलगीची थाप चरचरू लागते, घुमक्याचा घुमारा नुसता भरभरतो. आणखी थोड्या वेळाने स्पीकर मध्येच गप्प होतो आणि पुन्हा जोडला गेल्याचा सूर वाजवतो. मग कुणीतरी म्हणतं, "ब्लूटूथ गंडलंय, वायर लावा." माझं म्हणणं असं, की हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. आवाज फाटणं आणि आवाज तुटणं हे दोन निराळे दोष आहेत. वायर, पेन ड्राइव्ह किंवा कार्ड हे त्यांपैकी दुसऱ्या दोषावर उपाय आहेत, पहिल्यावर नाहीत.

ब्लूटूथ मोबाइलकडून स्पीकरकडे आकडे पाठवतं. ते आकडे पोचतात तरी, नाहीतर हरवतात तरी. हरवले की आवाजात खाच पडते, शब्द गिळला जातो. आवाज मोठा केला म्हणून रेडिओ लहरींवर ताण येत नाही. आता स्पीकरच्या पोटात काय होतं ते पाहा. लहान स्पीकरमध्ये बहुधा एकच लिथियम सेल असतो. तो पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि उतरत उतरत साडेतीनच्या खाली येतो. साध्या रचनेत अ‍ॅम्प्लिफायर याच व्होल्टवर चालतो आणि मिळतात त्यापेक्षा जास्त व्होल्ट तो कर्ण्याला देऊ शकत नाही. ४ ओहमचा कर्णा धरला, तर ४.२ व्होल्टवर स्वच्छ सुराची कमाल ताकद साधारण २.२ वॅट निघते. सेल ३.५ व्होल्टवर आला आणि घुमक्याच्या ठोक्याला एक अँपिअरच्या आसपास करंट ओढला गेला, की सेलच्या अंतर्गत रोधामुळे त्या क्षणी व्होल्टेज आणखी खाली बसतं. ते ३.३ धरा. आता कमाल ताकद १.३६ वॅट, म्हणजे पहिल्याच्या जेमतेम साठ टक्के.

गंमत अशी, की ही घट कानाला दोन डेसिबलच वाटते आणि आवाज कमी झाल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येतं ते फाटणं. हलगीचा आवाज सरासरीने फार मोठा नसतो, पण काडी पडते त्या क्षणाचं टोक सरासरीच्या कितीतरी पट उंच जातं. ते टोक व्होल्टेजच्या छताला आपटतं आणि सपाट छाटलं जातं. छाटलेल्या लहरीत मूळ रेकॉर्डिंगमध्ये नसलेले सूर जन्मतात. १०० हर्ट्झच्या घुमाऱ्यातून ३०० आणि ५०० हर्ट्झचे सूर निघतात, आणि लहान कर्णा १०० पेक्षा हेच सूर जास्त जोरात वाजवतो. आपल्याला ऐकू येणारी चरचर ती हीच.

"पण खोक्यावर तर मोठा वॅटचा आकडा छापलेला असतो," असं कुणी म्हणेल. स्वस्त स्पीकरमध्ये सर्रास सापडणाऱ्या PAM8403 या अ‍ॅम्प्लिफायर चिपचं उदाहरण घ्या. तिची ३ वॅटची क्षमता ५ व्होल्टवर आणि दहा टक्के विकृती मान्य करून मोजलेली आहे. थेट सेलवर चालवली तर ते ५ व्होल्ट तिला कधीच मिळत नाहीत, आणि दहा टक्के विकृती म्हणजे कानाला स्पष्ट टोचणारा आवाज. छापलेला आकडा आवाज फाटायला लागल्यानंतरचा असतो, हे ग्राहकाला कुठे सांगितलेलं नसतं आणि ते सांगायला हवं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: "आम्ही कार्ड लावून पाहिलं आणि आवाज खरंच सुधारला." सुधारला असेल. पण कार्डावर तीच फाइल होती का? आवाजाची पातळी तीच होती का? मोबाइलवर अनेकदा बास वाढवणारं इक्वलायझर चालू असतं किंवा शंभर टक्क्यांपुढे आवाज ताणणारं अ‍ॅप असतं. कार्डावरून वाजवताना ती ढवळाढवळ आपोआप टळते. म्हणजे दोष मोबाइलच्या सेटिंगचा होता, ब्लूटूथचा नव्हता. पारख सोपी आहे. तीच फाइल लावा आणि आवाज निम्म्यावर आणा. चरचर गेली, तर अ‍ॅम्प्लिफायर आणि सेल हेच कारण. निम्म्यावरही राहिली, तर फाइलच फाटकी आहे किंवा कर्ण्याचा पडदा. दुसऱ्या स्पीकरवर तीच फाइल लावली की या दोहोंचा निकाल लागतो.

स्पीकर मध्येच गप्प होतो, त्याचंही असंच पाहावं. तो नेमका मोठ्या ठोक्याला बंद पडत असेल, तर व्होल्टेज इतकं बसतं की आतली चिपच विझून पुन्हा सुरू होते. ब्लूटूथ तुटलं हा त्याचा परिणाम. अशा वेळी कार्ड लावलं तरी गाणं मध्येच तुटेल. याउलट मोबाइल खिशात ठेवून शिक्षक मैदानाच्या पलीकडे गेले, पाठ फिरवली आणि आवाज तुटला, तर तो रेडिओचा दोष. माणसाचं शरीर या लहरी बऱ्यापैकी शोषतं. इथे मात्र वायर आणि कार्ड खरे कामाचे.

बरेच मोठे स्पीकर उतरत्या बॅटरीवरही फाटत नाहीत, हे खरं आहे. त्यांत व्होल्टेज वाढवून देणारं सर्किट आणि टोकं आधीच दाबणारी यंत्रणा असते. फाटण्याऐवजी त्यांचा बास पातळ होतो. ताकदीची मर्यादा तिथेही असतेच, फक्त ती सभ्यपणे पाळली जाते.

मग सरावाला काय करावं? चरचर सुरू झाली की आवाज दोन-तीन पायऱ्या उतरवावा आणि बास कमी करावा. तीन डेसिबल उतरवले की कर्ण्याला द्यावी लागणारी ताकद निम्मी होते. गेलेला आवाज जागेतून परत मिळवता येतो. उघड्यावर अंतर निम्मं केलं की ऐकणाऱ्याला सहा डेसिबल जास्त मिळतात, आणि स्पीकर भिंतीला टेकवून ठेवला तर घुमाराही भरतो. चार्जर लावून वाजवल्याने सेलला आधार मिळतो, पण ऑक्सची वायर आणि चार्जर एकाच वेळी लावले तर काही स्पीकर गुणगुणतात. ऑक्स लावताना मोबाइलचा आवाज पूर्ण ठेवू नये. काही स्पीकरचा प्रवेशच तेवढा सिग्नल झेलत नाही आणि आवाज अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचण्याआधीच फाटतो. मोबाइल तीन-चतुर्थांशावर ठेवून बाकीचं स्पीकरवर वाढवावं. यूएसबीच्या बाबतीत चार्जिंगचं भोक आणि पेन ड्राइव्हचं भोक निराळं, पहिल्यातून बहुतेक लहान स्पीकर गाणं घेत नाहीत. मैदानासाठी मला स्वतःला कार्ड अधिक पसंत आहे. पेन ड्राइव्ह स्पीकरच्याच सेलमधून जास्त करंट घेतो आणि बाहेर आलेला असल्याने धक्क्याने निखळतो. कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्यावं आणि FAT32 मध्ये फॉरमॅट करावं. त्यापेक्षा मोठी कार्डं exFAT मध्ये येतात आणि अनेक साधे स्पीकर ती वाचत नाहीत. फाइल एमपीथ्री ठेवावी, आणि ती सरावाच्या आदल्या दिवशी त्याच स्पीकरवर पूर्ण वाजवून पाहावी.