काच तडकली का, ते बघून या



या महिनाअखेर मी महाडमधलं माझं ऑफिस चार तरुण आर्किटेक्टांच्या हाती सोपवतो आहे. त्यांतली एक याच कॉलेजच्या वर्गात बसून गेलेली आहे. त्या चौघांसाठी मी परवा रात्री एक पत्र लिहिलं. आज तुमच्यासमोर काय बोलावं याचा विचार करताना वाटलं की हे पत्रच वाचावं. तुमच्यातले बरेचजण पोलादपूरच्या वाड्यांवरून येता, महाडच्या बाजारपेठेत राहता. यातलं बरंचसं तुमच्या घराच्या भिंतीत आहे.

"पोरांनो,

कपाटाच्या किल्ल्या ड्रॉवरमध्ये आहेत. नकाशांच्या गुंडाळ्या वर्षांप्रमाणे लावल्या आहेत. सर्वांत खालच्या खणात एक निळी फाइल आहे, ती आधी वाचा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर एका निवृत्त शिक्षकांचं घर मी पंचवीस-एक वर्षांपूर्वी बांधलं, त्याची ती फाइल आहे. त्या घरात माझी चूक झाली. ती कशी झाली ते तुम्हाला नीट सांगून जायचं आहे.

जागा मी मार्च महिन्यात पाहिली. मालकांनी उतार आधीच सपाट करून घेतला होता. वरच्या बाजूने आठ फूट माती कापली होती आणि तीच खालच्या बाजूला पसरली होती. उन्हाने सगळं कडक झालेलं, पाय आपटला तर दगडावर आपटल्यासारखा. मी तिथेच उभं राहून ठरवलं की सगळे फुटिंग चार फूट खोल घ्यायचे. वरच्या अर्ध्या भागात चार फुटांवर पक्का मुरूम होता. खालच्या अर्ध्यात चार फुटांवर नुसती भरावाची माती होती, पण ती वाळलेली असल्यामुळे खड्ड्याच्या कडा सरळ उभ्या राहिल्या आणि मी फसलो. एक घर, पण अर्धं डोंगरावर उभं आणि अर्धं कालच्या ढिगाऱ्यावर.

पहिला पावसाळा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात हॉलच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरकी भेग गेली. आतल्या खोलीचं दार चौकटीत घासायला लागलं. गवंड्याने सिमेंट भरून भेग बुजवली, पुढच्या पावसात ती त्याच जागी उघडली. पुन्हा बुजवली, पुन्हा उघडली. तेव्हा कुठे मी जाऊन नीट पाहिलं. भेग खाली केसाएवढी होती आणि वर रुपयाचं नाणं उभं शिरेल एवढी. प्लास्टरची भेग अशी नसते, ती जाळीसारखी पसरते आणि आतल्या विटेपर्यंत जात नाही. वर रुंद होत जाणारी तिरकी भेग सांगते की घराचं एक टोक खाली चाललं आहे.

मग मी भेगेवर काचेची एक पातळ पट्टी आडवी ठेवली, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. काच ताणली जात नाही. भिंत जराशी हलली तरी ती तडकते. एकोणिसाव्या दिवशी मालकांचा निरोप आला, काच तडकली.

खालच्या कोपऱ्यातल्या कॉलमशेजारी खड्डा घेतला. चार फुटांवर फुटिंग लागलं, आणि त्याच्या खाली भुसभुशीत मातीत अर्धवट कुजलेली फांदी निघाली. मूळ जमीन सात फुटांवर होती. म्हणजे वरच्या मजल्याचं सगळं ओझं मी तीन फूट सैल मातीवर टेकवलं होतं. दर पावसात ती माती पाणी पिऊन थोडी बसत होती.

उपाय झाला, पण सावकाशीने. एकेका फुटिंगखाली खणून मूळ मुरुमापर्यंत काँक्रीट भरत गेलो. शेजारचे दोन खड्डे कधीही एकाच वेळी उघडे ठेवले नाहीत, नाहीतर घरच बसलं असतं. घराच्या मागे, वरच्या अंगाला, चर खणून डोंगराचं पाणी बाजूच्या ओढ्याला सोडलं. मागची दगडी भिंत सिमेंटने अगदी बंद बांधलेली होती आणि तिला पोट सुटायला लागलं होतं. आपल्या डोंगरात तांबडी माती आणि तिच्या खालचा कातळ यांच्या सांध्यातून श्रावणात पाणी पाझरतं. ते भिंतीमागे साठलं की भिंत ढकलतं. म्हणून ती भिंत उतरवून पुन्हा बांधली, मागे दगडगोटे भरले आणि पाणी निघायला तीन-तीन फुटांवर भोकं ठेवली. खर्चाचा निम्मा भाग मी दिला. तो द्यायलाच हवा होता.

तेव्हापासून आपल्या ऑफिसात उताराच्या कुठल्याही जागेचा नकाशा जुलैत जागा पाहिल्याशिवाय काढत नाही. मालक घाई करतील. एखादं काम हातचं जाईल, जाऊ द्या. मार्चमध्ये डोंगर मुका असतो.

खाली महाडात तेच पाणी वेगळ्या तऱ्हेने भेटतं. सावित्री वरून भरून येते, गांधारी शेजारी असते, आणि बाणकोटच्या खाडीची भरती असली की पाण्याला उतरायला वाट मिळत नाही. बाजारपेठेतल्या जागेत गेलात तर आधी शेजारच्या भिंतीवर २०२१ च्या पुराचा डाग कुठे आहे ते विचारा आणि गवंड्याच्या पाणसळीने, त्या पारदर्शक नळीने, ती रेघ आपल्या जागेवर आणा. बहुतेक वेळा ती तुमच्या डोक्याच्या वर येईल. तेवढं जोतं कोणी बांधू शकत नाही. तिथे तळमजला भिजणार हे धरूनच काम करा. मीटर आणि बटणं वर, प्लायवूडचं कपाट नाही, आणि घरातूनच थेट गच्चीवर जाणारा जिना.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात नाही. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर डोंगरच आला. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. तिथे चर आणि भिंत काही करू शकत नाहीत. वरच्या उतारावर नवी आडवी भेग दिसली, नेहमीचा झरा एकाएकी गढूळ झाला किंवा आटला, झाडं आणि खांब कलले, तर घर दुरुस्तीचं बोलू नका. माणसांना तिथून बाहेर काढायचं बोला, त्याच संध्याकाळी. अशा जागेवर नवं घर मागायला कोणी आलं तर नाही म्हणा, आणि का नाही ते लेखी द्या.

पाण्याचा विचार आधी, हे काही नवं नाही. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाची पायरी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. हिरोजी इंदुलकरांचं नाव तिच्यावर कोरलेलं आहे. तिथल्याच शिलालेखात गडावर काय काय बांधलं त्याची यादी आहे, आणि ती विहिरी-तळ्यांपासून सुरू होते. राजगृहं नंतर येतात. मी दर वेळी तिथे थांबतो.

निळ्या फाइलमधल्या त्या घराच्या भिंतीवर आजही काच आहे. दर वर्षी मे महिन्यात मी जाऊन बघतो आणि पेन्सिलीने तारीख लिहितो. शिक्षक आता नाहीत, त्यांच्या सूनबाई घरी असतात. त्यांना तुमच्याबद्दल सांगून ठेवलं आहे. येत्या मे महिन्यात तुमच्यापैकी एकाने जायचं. सोबत पेन्सिल न्या, काचेची एक जादा पट्टी न्या, आणि मागच्या भिंतीच्या भोकांत काठी घालून बघा. मागच्या वर्षी डावीकडून तिसरं भोक मातीने बुजलं होतं."