भाड्याच्या घराला आग लागली, तर भरपाई कोणाची?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या सोसायटीत आता बरेच फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो. बँकेत आयुष्यभर मी कागद तपासले. इथे मात्र जळालेली भिंत वाचावी लागली.

माझ्या साडूभाऊंचा अकोल्यात फ्लॅट आहे. एका तरुण जोडप्याला लिव्ह अँड लायसन्सवर दिला होता. मे महिन्यात, अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, भर दुपारी हॉलला आग लागली. माणसं सुखरूप बाहेर पडली. साडूभाऊंनी 2 लाख 40 हजारांचा हिशेब भाडेकरूच्या हातात दिला. तो म्हणाला, "काका, वायरिंगच जुनी आहे न घराची, आमचा काय दोष?" दोघांनीही मला अमरावतीहून बोलावलं.

पहिली गोष्ट, आग भाडेकरूच्या ताब्यातल्या घरात लागली, एवढ्यानेच तो दोषी ठरत नाही. आग कशामुळे लागली आणि नेहमीची काळजी घ्यायला कोण चुकला, हे पाहावं लागतं. भाडेपट्टा असेल तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 लागतं. रोजच्या वापराची झीज आणि माणसाच्या हाताबाहेरचं संकट सोडलं, तर घर घेतलं तसं परत द्यायचं. भाडेकरूच्या, त्याच्या नोकराच्या किंवा प्रतिनिधीच्या चुकीने नुकसान झालं, तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत दुरुस्त करून द्यायचं. लिव्ह अँड लायसन्स हा भाडेपट्टा नव्हे. तिथे करारात काय लिहिलं आहे ते आणि निष्काळजीपणाचा सर्वसाधारण नियम पाहतात.

अग्निशमन दलाच्या दाखल्यात "शॉर्ट सर्किट" लिहिलं होतं. पण शॉर्ट सर्किट म्हटल्याने कोणाचा दोष ते कळत नाही. आगीच्या ज्वाळेने तारेचं आवरण जळालं की तारा एकमेकींना चिकटतात, तेव्हाही शॉर्ट सर्किट होतंच! म्हणजे ते आगीचं कारण असेल किंवा परिणाम.

म्हणून आम्ही लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आणला. त्याने आधी भिंत पाहिली. काळा डाग खाली टोकदार आणि वर पसरत गेलेला होता. टोक जमिनीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डापाशी. मग त्याने सॉकेट उघडलं. पुढचं प्लास्टिक वितळलेलं, पण भिंतीतल्या पाइपातली तार शाबूत. म्हणजे आग भिंतीत नाही, बाहेर लागली. "वायरिंग जुनी" हे म्हणणं इथे गळालं.

भाडेकरू आधी म्हणाला, "फक्त कूलर चालू होता." पण राखेत इस्त्री आणि इंडक्शन शेगडी सापडली. घरात काय चालू होतं हे त्यालाच माहीत. पुराव्याच्या कायद्यातही असंच आहे: जी गोष्ट खास एकालाच ठाऊक, तिचा खुलासा त्यानेच करायचा. मग तो खरं बोलला. सिलिंडर संपला म्हणून शेगडी हॉलमध्ये लावली, इस्त्री त्याच बोर्डावर, आणि सगळं चालू ठेवून बायको मुलाला शाळेतून आणायला गेली, तो बाल्कनीत फोनवर. तिन्हींचा मिळून सुमारे 3200 वॅट, म्हणजे जवळपास 14 अँपिअर. सॉकेट 6 अँपिअरचं आणि एक्स्टेन्शनची दोरी बारीक.

साडूभाऊ खूश झाले. तेवढ्यात इलेक्ट्रिशियनने मीटरजवळची पेटी उघडली. त्या सर्किटला 6 अँपिअरचा एमसीबी हवा, तिथे 32 चा बसवलेला! आधीचा वारंवार पडायचा म्हणून साडूभाऊंनीच दोन वर्षांपूर्वी बदलून घेतला होता. पावती त्यांच्याच फायलीत निघाली. 6 चा असता तर एवढ्या लोडवर थोड्या वेळात पडला असता. म्हणजे आग भाडेकरूने ओढवली, पण ती रोखणारा पहारेकरी मालकाने काढून टाकला होता.

आता रक्कम. भरपाई म्हणजे जुन्याच्या बदल्यात नवं नव्हे. चार वर्षांपूर्वीच्या रंगाचे पूर्ण पैसे मागता येत नाहीत, दहा वर्षांच्या कपाटाचे नव्याच्या भावाने मागता येत नाहीत, आणि हॉल जळाला म्हणून सगळ्या घराची वायरिंगही नाही. असं करत दावा 1 लाख 20 हजारांवर आला. दोन भाग भाडेकरूचे, एक भाग मालकाचा, असं दोघांनी मान्य केलं. भाडेकरूचे 80 हजार. त्यातून 30 हजार डिपॉझिट वजा. उरलेले 50 हजार दरमहा 5 हजारांनी. आपसात ठरलं, कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. वाटणी वेगळीही झाली असती. तिचं गणित ठरलेलं नसतं.

साडूभाऊ जरा हिरमुसले. जाताना म्हणाले, "वकील केला असता तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "वकिलानेही आधी तीच पेटी उघडली असती."

म्हणून सभासदहो, घर देताना-घेताना मीटरपेटीचा आणि प्रत्येक सॉकेटचा फोटो दोघांच्या सहीनिशी कराराला जोडा. आग लागलीच, तर विझल्यावर पंचनाम्याआधी झाडू मारू नका. त्या काळ्या भिंतीइतका खरा साक्षीदार दुसरा मिळत नाही.