नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

गटाच्या बैठकीत आम्ही पासबुकं तपासतो तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. घरधन्याचं खातं लग्नाआधीचं असतं आणि नॉमिनी म्हणून आईचं नाहीतर भावाचं नाव तसंच राहिलेलं असतं. मग माणूस गेला की वाद सुरू होतो, हे पैसे कोणाचे?

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, एक हिंदू गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई आहेत. बँकेत 1,20,000 रुपयांची ठेव आहे आणि नॉमिनी धाकटा भाऊ. म्युच्युअल फंडात 60,000 आहेत, नॉमिनी आई. 2,00,000 ची विमा पॉलिसी 2022 मध्ये घेतलेली, नॉमिनी पत्नी.

आधी ठेव पाहू. मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र पाहून बँक पैसे दिराच्या हाती देईल. बँकेची जबाबदारी तिथे संपते. पण दीर मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने पैसे घेणारा असतो. हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई यांचा सारखा वाटा, म्हणजे प्रत्येकी 30,000. दिराला त्यातलं काही नाही.

म्युच्युअल फंडाचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हे स्पष्ट केलं. युनिट सासूबाईंच्या नावे होतील, पण त्यांचा हक्क चौथ्या हिश्श्याचा, 15,000 रुपयांचा.

विम्यात मात्र फरक आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी पती, पत्नी, आईवडील किंवा मुलं असतील, तर रकमेवर हक्क त्यांचाच, असं विमा कायदा सांगतो. म्हणून इथे पत्नी पूर्ण दोन लाखांवर हक्क सांगू शकते. या कलमाचा सगळ्याच न्यायालयांनी एकसारखा अर्थ लावलेला नाही, त्यामुळे वाद झाला तर वकिलांना विचारायलाच हवं. आणि नॉमिनी दीर असता, तर तो इथेही नुसता पैसे घेणाराच ठरला असता.

आता दिराने पैसे दिले नाहीत तर? बँकेत जाऊन नुसती तोंडी किंवा लेखी हरकत घेतली तर बँक थांबत नाही, न्यायालयाचा आदेश लागतो. पैसे आधीच दिले गेले असतील, तर दावा बँकेवर नाही, दिरावर करायचा. अशा कामासाठी तालुका विधी सेवा समितीकडे महिलांना मोफत वकील मिळू शकतो.

मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांत वाटे वेगळे पडतात. मृत्युपत्र असेल तर सगळा हिशोबच बदलतो.

तेव्हा आज संध्याकाळी घरातलं प्रत्येक पासबुक आणि पॉलिसी काढा आणि नॉमिनीचं नाव वाचा. नाव जुनं असेल तर खातेदार जिवंत असतानाच अर्ज देऊन ते बदलता येतं. अर्जाची पोच मात्र जरूर घ्या.