गाळाचा हिशेब

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गावतलावांमधला गाळ काढायला तुमच्यापैकी अनेकांनी पैसे दिले. तुमचे मनापासून आभार. तुम्ही दिलेल्या एक लाख रुपयांचे काय होते, ते आज सांगतो.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्य शासनाची योजना 2017 ची. 2023 मध्ये ती नव्याने आली, तेव्हा यंत्र आणि डिझेल मिळून घनमीटरला 31 रुपये दर धरला गेला. त्या दराने लाखात साधारण 3,200 घनमीटर गाळ निघतो. एका घनमीटरात हजार लिटर पाणी मावते, म्हणजे तलावात 32 लाख लिटरची जागा होते. गाळ शेतकरी आपल्या खर्चाने रानात नेतात. एकरी 400 घनमीटर टाकला, तर आठ एकर मुरमाड जमिनीवर चार इंचांचा थर बसतो. अल्पभूधारकांना वाहतुकीसाठी शासनाचे अनुदान असते. ते तुमच्या देणगीच्या खात्यात धरायचे नाही.

यात आकडा फुगतो तो ट्रॉल्या मोजताना. खोदलेला गाळ सैल होतो आणि जास्त जागा व्यापतो. समजा, तीन घनमीटरच्या 1,200 ट्रॉल्या भरल्या. कागदावर 3,600 घनमीटर होतात, पण खड्डा मोजला तर 3,000 च भरतात. म्हणून खोदण्याआधी आणि नंतर तलावाच्या तळाची पातळी ठरलेल्या ठिकाणी घ्यावी लागते. देणगीदाराने ट्रॉल्यांची वही जरूर पाहावी, पण खड्ड्याचे माप मागितल्याशिवाय राहू नये. दोन्हींत फार तफावत असेल, तर कारण विचारावे.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. 32 लाख लिटर ही जागा आहे, ते पाणी नव्हे. पाऊस झाला नाही तर ती रिकामीच राहते. भरली तरी उन्हाळ्यात बरेच पाणी वाफ होऊन जाते. त्यामुळे 'इतके लिटर पाणी वाढले' असे पावसाळ्याआधी कुणी लिहिले, तर ते खरे मानू नका.

खरा फरक तलावाखालच्या विहिरींत दिसतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. गावातल्या चार-पाच विहिरी त्याच महिन्यांत टेपने मोजता येतात. पण यंदा पाणी वर आले ते गाळ काढल्याने की पाऊस बरा झाल्याने, हे एकट्या गावाच्या नोंदीवरून कळत नाही. म्हणून शेजारच्या, तशीच जमीन असलेल्या पण गाळ न काढलेल्या गावातल्या विहिरीही मोजायच्या आणि दोन्हींशेजारी पावसाचे मिलिमीटर लिहायचे. ऑक्टोबरात दोन्ही गावे सारखीच दिसतील. फरक कळतो तो मार्चमध्ये, मोटर किती तास चालते यावरून.

तुमच्या हातात येणाऱ्या अहवालात मे महिन्याची नोंद नसेल, तर तो अहवाल अपुरा आहे. ती नोंद जूनमध्ये मागून घ्या.